डोमाजीभाऊंचं पाणी

डोमाजीभाऊंची काठी त्यांच्यापेक्षा दीड हात उंच होती. एवढी लांब काठी घेऊन गस्त घालणारा वॉचमन मी कुठल्याच साइटवर पाहिला नव्हता, म्हणून पहिल्याच आठवड्यात न राहवून विचारलं. ते म्हणाले, “वाघाले लांबूनच रामराम केलेला बरा, भाऊ. जवळ गेलं तं तो आपल्याले घरीच घेऊन जाते.”

मुलचेऱ्याच्या पुढे, जंगलात शिरणाऱ्या रस्त्याला लागून एका आश्रमशाळेचा हॉल बांधायचं काम आमच्या ठेकेदाराकडे होतं. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. सिमेंट, सळई, फावडी, दोऱ्या, सगळं माझ्या ताब्यात. डोमाजीभाऊ चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाकडचे. धानाची शेती, तीही पावसावरची. कापणी-मळणी आटोपली की उन्हाळा संपेपर्यंत कुठेतरी वॉचमनकी करायची, हा त्यांचा दरवर्षीचा शिरस्ता. रात्रभर जागून हा माणूस दिवसा झोपेल म्हणावं, तर तेही नाही. “उजेडात झोपलं तं अंग दुखते,” असं म्हणून ते दिवसा काहीतरी उकरत बसायचे. झोपायचे कधी, हे कोडं मला शेवटपर्यंत सुटलं नाही.

त्या काठीचा त्यांनी एक खेळच करून ठेवला होता. हॉलच्या पुढे पोर्च होता, गाडी उभी राहते तसला. त्याचं सेंट्रिंग बांधून झाल्यावर हा खेळ सुरू झाला. सेंट्रिंग म्हणजे ओलं काँक्रीट घट्ट होईपर्यंत त्याला खालून पेलून धरणारा साचा: वर लोखंडी प्लेटा, त्याखाली लाकडी बल्ल्या आणि त्यांना टेकू देणारे लोखंडी जॅक. पोर्चच्या पुढच्या बीमखालून डोमाजीभाऊ काठी उभीच धरून जायचे. काठीचं टोक आणि बीमचा तळ यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं उरायची. पलीकडे गेले की स्वतःशीच म्हणायचे, “निंगालो बरोबर.” प्रत्येक फेरीला, न चुकता. बीमच्या बाहेरून जायला मोकळी जागा होती, पण ते मुद्दाम खालूनच जायचे. मिस्त्री लोक त्यांची नक्कल करायचे. जेवायला उठताना एखादा फावडं उभं धरून म्हणायचा, “निंगालो बरोबर,” आणि सगळे खिदळायचे. डोमाजीभाऊही हसायचे.

आमचे इंजिनीअर दिघोरे साहेब. तिशीच्या आतले, एकट्याच्या जबाबदारीवरचं हे त्यांचं पहिलंच काम. स्वभावाने सरळ, पण सरळ माणसं कडक व्हायला गेली की जरा जास्तच कडक होतात. त्यांचा सगळ्यात जास्त जीव क्युरिंगच्या पाण्यावर. काँक्रीटला दिवसचे दिवस ओलं ठेवावं लागतं, नाहीतर ते कच्चं राहतं, आणि आमच्या साइटवर बोअरला पाणी यायचं तेही रडतखडत. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगून ठेवलं होतं, क्युरिंगच्या पाण्याला कोणी हात लावला तर त्याच दिवशी घरी.

आता धानाच्या मुलखातला माणूस वाहून जाणारं पाणी बघत कसा बसेल? कॉलमवर मारलेलं पाणी ओघळून मागच्या उतारावर जायचं आणि रस्त्याच्या नालीत पडायचं. डोमाजीभाऊंनी एका दुपारी कुदळीने एक दांड, म्हणजे पाण्याची बारीक चारी, ओढला. पोर्चच्या कडेकडेने, वळण घेत घेत, पार मागच्या कुंपणापर्यंत. तिथे वांग्याची रोपं लावली, थोडा सांभार, म्हणजे कोथिंबीर, टाकला, वालाचा एक वेल कुंपणावर चढवला. क्युरिंगच्या पाण्याला त्यांनी हात लावला नव्हता; क्युरिंग करून उरलेल्याला लावला होता. साहेबांच्या हुकमातून त्यांनी स्वतःसाठी एवढी वाट काढली होती. साहेबांना ते दिसलं नाही आणि आम्ही कोणी दाखवलं नाही, कारण पहिली वांगी आमच्याच भाजीत पडली होती.

बाकीची वांगी जायची पार्वताबाई आणि सखूबाईकडे. या दोघी घमेली वाहणाऱ्या, डोमाजीभाऊंच्याच गावाकडच्या. भाऊ त्यांच्या चुलीपाशी ओंजळभर वांगी ठेवून निघून यायचे. तिथे उभं राहिलं की त्या भाकर घ्या म्हणायच्या, आणि भाऊंना कोणाचं खाणं जिवावर यायचं. त्या हाका मारत राहायच्या आणि हे पाठ फिरवून काठी टेकत चालू लागायचे.

पोर्चचं सेंट्रिंग उभं राहण्याआधी आत मुरूम भरायची वेळ आली. ट्रॅक्टरने मुरूम टाकला, वरवर पसरला, चार ठोके दिले, आणि त्यावर जॅक उभे राहिले. हॉलच्या जॅकांना खाली पक्का काँक्रीटचा थर होता. पोर्चच्या जॅकांना खाली जाड फळ्या द्यायच्या, म्हणजे भार एका टोकावर न येता पसरतो, असं साहेबांनी सेंट्रिंगवाल्या रमेश मिस्त्रीला सांगितलं होतं. फळ्या कमी पडल्या. रमेशने जॅकांखाली विटांचे अर्धे तुकडे ठेवले आणि म्हणाला, “चालते साहेब, छोटासाच तं पोर्च हाय.” साहेबांनी ते पाहिलं, कपाळाला आठी घातली आणि पुढे गेले.

त्यानंतर एक दिवस डोमाजीभाऊ माझ्याकडे आले, चेहरा पडलेला.

“भाऊ, पानी वांग्यापर्यंत पोचूनच नाई राह्यलं. सुटते तं बराबर, मंग जाते कुठी?”

“तुम्हीच सांगा. शेतकरी तुम्ही.”

“खेकड्यानं बीळ पाडलं असन,” ते म्हणाले.

बांधीतलं, म्हणजे धानाच्या खाचरातलं, पाणी रातोरात गायब झालं की इकडच्या झाडीपट्टीतला शेतकरी आधी खेकड्याचं बीळ शोधतो. बांधी अडवणाऱ्या मातीच्या धुऱ्याला खेकडा भोक पाडतो आणि पाणी खालच्या बांधीत निघून जातं. त्यावर तात्पुरता उपाय म्हणजे वरून पाणी वाढवायचं, म्हणजे बीळ कुठे फुटतंय ते कळतं. मी हसून म्हटलं, “खेकडा सापडला तर मला आणून द्या, रस्सा करू.” तेही हसले आणि त्यांनी दांडाचं तोंड आणखी मोठं केलं. तिथे खेकडा-बिकडा काही नव्हता. मुरूम टाकताना दांड मधोमध बुजला होता आणि सगळं पाणी पोर्चच्या भरावात मुरत होतं. वरचा थर उन्हाने पांढरा पडायचा, म्हणून कोणालाच काही दिसलं नाही.

स्लॅब टाकायचा दिवस उजाडला. दुपारी सुरुवात केली तर संध्याकाळी संपायला हवं होतं, पण मिक्सरचा पट्टा तुटला. नवा पट्टा आणायला माणूस मूलला गेला आणि रात्र पडल्यावर परत आला. स्लॅब अर्ध्यात सोडता येत नाही. कुठेही थांबवला तर जुन्या आणि नव्या काँक्रीटचा सांधा कच्चा राहतो. म्हणून हॅलोजन लावून काम चालू ठेवलं. हॉलचा भाग उरकला आणि फक्त पोर्च राहिला, तेव्हा साहेब रमेशला म्हणाले, “मी जरा पाठ टेकतो.” आदल्या रात्रीपासून त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. पत्र्याच्या खोलीत आमच्या दोघांच्या खाटा होत्या. साहेब बूट न काढताच आडवे झाले. मी डिझेलचा डबा भरून ठेवायला आत आलो होतो.

सेंट्रिंग भरताना एक माणूस खाली कायम उभा ठेवायचा असतो. कुठे प्लेट सुटते का, जॅक हलतो का, सांध्यातून लगदा गळतो का, एवढंच त्याने बघायचं. आमचा तो माणूस रमेशने वर घमेली ओढायला घेतला होता, कारण माणसं दमली होती. काँक्रीट वर चढवायची लिफ्ट पोर्चच्या बाजूलाच लावलेली. त्यामुळे माल आधी पोर्चवर ओतला जायचा, तिथे ढीग व्हायचा आणि मग पसरला जायचा. सगळा भार एका कोपऱ्यावर, वर व्हायब्रेटरची थरथर, आणि खाली कोणी नाही.

खाली कोणी नाही, असं आम्हाला वाटत होतं. दव पडत होतं, थंडी अंगात शिरत होती, म्हणून पार्वताबाई आणि सखूबाई घमेलं रिकामं झालं की पुढची खेप येईपर्यंत पोर्चखाली जाऊन बसायच्या. वर प्लेटांचं छप्पर होतं ना.

डोमाजीभाऊ फेरीवर आले. काठी उभी धरून बीमखालून निघाले आणि काठी अडकली.

पुढचं मला त्यांनीच नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्याने. आधी त्यांना वाटलं, आपणच काठी उंच धरली. खाली टेकवून पाहिली, तरी अडकली. टॉर्च मारला तर बीमचा तळ मधोमध पोटासारखा खाली आलेला आणि प्लेटांच्या फटीतून सिमेंटचं पाणी थेंबथेंब गळत होतं. टॉर्च खाली नेला. कोपऱ्यातल्या जॅकखालची वीट दिसत नव्हती. ती चिखलात गेली होती आणि तिच्यामागून जॅकही चालला होता. त्यांच्या चपला ओल्या झाल्या. “त्या ओलीनं मले वळखलं, भाऊ,” ते म्हणाले. “म्या तिले नाई वळखलं, तिनं मले वळखलं. माहंच पानी व्हतं ते.”

मी खोलीतून ऐकली ती त्यांची हाक.

“खाली कोन हाय? भायेर निघा! खाली कोन हाय?”

दोघी बायका बाहेर आल्या. सखूबाईचं घमेलं आत राहिलं होतं, ते घ्यायला ती वळली, तेव्हा भाऊंनी तिच्यापुढे काठी आडवी घालून तिला बाहेर ढकललं. उभ्या आयुष्यात त्यांनी बाईमाणसाला कधी धक्का लावला नसेल. मग ते धावत आमच्या खोलीकडे आले आणि पत्र्यावर काठी आपटायला लागले.

“साहेब, उठा जी! पोर्च बसून राह्यला!”

साहेब उठले ते धावतच. बाहेर येऊन एक नजर टाकली आणि ओरडले, “मिक्सर बंद! व्हायब्रेटर बंद! एक घमेलं पुढे टाकू नका!” त्या सगळ्या खडखडाटानंतर एकदम शांत झालं आणि त्या शांततेत लाकूड करकरताना ऐकू आलं. बाकीच्या जॅकांवर भार सरकत होता.

रमेश मिस्त्री वरून उतरला. त्याने जॅकचे आटे फिरवायची सळई उचलली. “एकच जॅक ढिला झाला साहेब, दोन आटे देतो, जागेवर येते.” साहेब म्हणाले, “चल, लवकर. दोघं जा.” दिसत होतं त्यावरून ते बरोबरच होतं. ढिला जॅक आवळला की काम भागतं, आणि वर ओला माल असेपर्यंतच ते जमतं.

डोमाजीभाऊ त्यांच्या आडवे उभे राहिले. काठी दोन्ही हातांत आडवी.

“नोको जाऊ.”

“काऊन?” रमेशने विचारलं.

भाऊंनी काठी आणखी घट्ट धरली. साहेब खेकसले, “बाजूला व्हा डोमाजीभाऊ! वेळ नाही आपल्याकडे!” मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. ती वांगी, तो दांड, तो खेकडा, सगळं मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोक्यात काही जुळत नव्हतं. जुळलं होतं फक्त त्यांच्या डोक्यात. बोललं तर नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने सांगायचं की हे मी केलं. न बोललं तर रमेश खाली जाणार.

“साहेब, जॅक ढिला नाई झाला,” ते शेवटी म्हणाले. “जमीन ओली हाय. आतपर्यंत ओली हाय. म्या पानी सोडलं. वांग्यासाठी. मले वाटलं खेकडा हाय, म्हून आखीन सोडलं.”

साहेबांच्या चेहऱ्यावरचा राग तिथल्या तिथे गळाला. त्यांना एका क्षणात कळलं ते मला त्यांनी नंतर समजावून सांगितलं. जॅकचे आटे फिरवले की तो वर ढकलतो, पण वर ढकलायला त्याच्या पायाखाली घट्ट जमीन लागते. चिखलात तो वर जाण्याऐवजी आणखी खाली रुतला असता, शेजारच्या जॅकखालची ओली जमीनही दबली असती आणि रमेश आणि त्याचा जोडीदार बरोबर पोर्चच्या खाली असते.

“कोणी खाली जायचं नाही,” साहेब म्हणाले. आवाज एकदम खालचा. “वरचे सगळे हॉलच्या बाजूने उतरा. पळू नका, उड्या मारू नका, एकामागून एक या. माल काढायला कोणी थांबू नका.” कोणीतरी म्हणालं, निदान ढीग तरी ओढून घेऊ. साहेब म्हणाले, “ढीग ओढायला माणसं वर जातील, त्यांचंही वजन असतं.” माणसं उतरली. साहेबांनी सगळ्यांना रस्त्यापलीकडे नेलं आणि स्वतः एकेकाचं नाव घेऊन हाक मारली. पार्वताबाईने तिथेच तीन दगडांवर चहाचं पाणी ठेवलं. ते उकळायच्या आत पोर्च खाली आला.

फार मोठा आवाज नाही झाला. ओलं काँक्रीट पडतं तेव्हा ते दबकन बसतं. सळया तेवढ्या हॉलच्या कडेला वाकून लोंबत राहिल्या. हॉल उभा राहिला, कारण त्याच्या जॅकांखाली पक्की जमीन होती. सखूबाईचं घमेलं आत राहिलं ते राहिलंच. ती तिकडे बघत होती आणि पार्वताबाई तिचा हात सोडत नव्हती. डोमाजीभाऊ मात्र खाली बसले होते, काठी मांडीवर घेऊन, आणि वर मान करत नव्हते.

सकाळी ठेकेदार चंद्रपूरहून आले. साहेबांनी सगळं स्वतःवर घेतलं. भराव नीट ठोकला नाही, जॅकांखाली फळ्या नव्हत्या आणि मी पाहून गप्प बसलो, खाली माणूस नव्हता आणि मी झोपलो होतो, असं एका दमात सांगून टाकलं. पाण्याचं बोलले नाहीत. ठेकेदारांनी त्यांना आमच्यासमोर असं झोडपलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं. त्यांनी डोमाजीभाऊंची मात्र पाठ थोपटली. भाऊ म्हणाले, “साहेबाचं काई चुकलं नाई जी, पानी म्या...” आणि दिघोरे साहेबांनी त्यांना मध्येच तोडलं, “भाऊ, तुम्ही चहा घ्या.”

नंतर खोलीत दोघांची चांगलीच जुंपली. आयुष्यात मी पुष्कळ भांडणं पाहिली, पण चूक माझी म्हणून भांडणारी माणसं तेवढीच.

साहेब म्हणाले, “पाणी नसतं तरी एखाद्या पावसात हेच झालं असतं. फळ्या असत्या तर तुमच्या पाण्याने काही बिघडलं नसतं. इंजिनीअर मी आहे.”

“फळी तुमची चुकली आसन,” भाऊ म्हणाले. “पन त्या बाया माह्या पान्यावर बसल्या व्हत्या.”

साहेब उठून पडलेल्या पोर्चकडे निघाले. मीही त्यांच्या मागे.

आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी लगेच पुढच्या कार्यक्रमात भाऊंचा सत्कार ठेवला. शाल, नारळ, पोरांच्या टाळ्या. भाषणात ते म्हणाले, यांच्या सावधपणामुळे आज दोन माता-भगिनी आपल्यात आहेत. डोमाजीभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले होते. त्या टाळ्यांनी त्यांचा चेहरा असा झाला की मार बसत होता जणू. शाल त्यांनी खांद्यावर राहू दिली, कारण काढणं बरं दिसलं नसतं. संध्याकाळी ती घडी घालून सखूबाईच्या खोपटाच्या दारात ठेवली आणि नेहमीसारखे पाठ फिरवून चालू लागले.

वांग्यांना त्यांनी पुन्हा पाणी घातलं नाही. रोपं सुकायला लागली तेव्हा पार्वताबाईनेच घागर नेऊन ओतली आणि वर त्यांना दटावलं, “वांग्यानं का केलं जी, भाऊ? त्याचा का गुन्हा?” त्यावर भाऊ म्हणाले, “त्याचा नाई, बाई.” पुढची वांगी बायकांनीच तोडून खाल्ली. भाऊंच्या ताटात पडली तर ते बाजूला सारायचे.

पोर्च दुसऱ्यांदा बांधला तेव्हा भराव थराथराने ठोकला, प्रत्येक जॅकखाली जाड फळी आली आणि खाली एक माणूस शेवटपर्यंत उभा राहिला. तो माणूस साहेब स्वतः होते. त्यांच्या शेजारी डोमाजीभाऊही, काठीसकट. बीमखालून मात्र ते पुन्हा कधी गेले नाहीत. “निंगालो बरोबर” आम्ही त्यानंतर ऐकलं नाही, आणि मिस्त्री लोकांनीही नक्कल करायचं सोडून दिलं.

मग काम संपलं आणि आम्ही पांगलो.

बऱ्याच वर्षांनी ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी मूलच्या रस्त्याने येत होतो. बांध्यांच्या वर एक लांब काठी उभी दिसली आणि मी गाडी थांबवली. भाऊ म्हातारे झाले होते. चिखलातूनच त्यांनी मला ओळखलं, साहेब कसे हायत म्हणून विचारलं, मिठाची भाकर खाल्ल्याशिवाय जाऊ नका म्हणाले. वरची बांधी काठोकाठ भरली होती आणि त्यांना धुरा फोडून खालच्या बांधीत पाणी सोडायचं होतं. त्यांनी कुदळ उचलली, आणि मग खालच्या बाजूला तोंड करून जोरात हाक दिली.

“खाली कोन हाय?”

खाली बगळे होते आणि पाणी होतं. त्यांनी थोडं थांबून पुन्हा हाक दिली. मी म्हटलं, “भाऊ, खाली तुमचीच बांधी आहे. दिसतंय की सगळं. कोण असणार?”

“तवाबी कोनी नसन असंच वाटलं व्हतं आपल्याले,” ते म्हणाले.

त्यांनी कुदळ धुऱ्यावर ठेवली, काठी घेतली आणि खालची बांधी या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतः चालून पाहिली. मी धुऱ्यावर उभा राहून बघत राहिलो. परत आले, माझ्याकडे न बघता कुदळ उचलली आणि पाणी सोडलं.